अंगठी बोटात शिरेना, उंची मात्र तेवढीच

मॉरिस टिलेट हा फ्रेंच कुस्तीगीर १९४० च्या सुमारास अमेरिकेत चांगलाच गाजला. प्रचंड डोकं, पुढे आलेला जबडा, जाडजूड हात. पोस्टरवर तो राक्षसच वाटायचा, पण उंची होती पावणेसहा फुटांच्या आसपास. त्याच काळातला रॉबर्ट वॉडलो मात्र २७२ सेंटिमीटरपर्यंत वाढला. दोघांच्याही शरीरात वाढीचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त होतं. फरक पडला तो वयामुळे. वॉडलोची वाढ लहानपणीच सुसाट सुटली, टिलेटचे हातपाय सुजू लागले ते विशीच्या आसपास.

मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाची लांबी मधून वाढत नाही. मुलांमध्ये हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला वाढपट्टी म्हणू. तिथल्या पेशी विभागतात, एकावर एक रचल्या जातात, फुगतात आणि मागच्या बाजूने त्यांची जागा हाड घेत जातं. वाढीचं संप्रेरक आणि त्याच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृतात तयार होणारं आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक हे काम वेगाने करवून घेतात. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे ही कूर्चा संपते. मुलग्यांमध्येही काम इस्ट्रोजेनचंच, हे अनेकांना खरं वाटत नाही! पट्टी एकदा हाडात विरली की संप्रेरक कितीही ओता, विभागायला तिथे पेशीच उरलेल्या नसतात.

पण हाडाभोवतीचं पातळ आवरण जन्मभर जिवंत असतं आणि बाहेरून नवं हाड चढवू शकतं. म्हणून बोटं लांब न होता रुंद होतात, भुवयांवरचा उंचवटा वाढतो. हाताचा जाडपणा मात्र बराचसा मांसल असतो: त्वचेखाली पाणी धरून ठेवणारी द्रव्यं साठतात, तळवा गादीसारखा लागतो, अंगठी अडकते, चपलेचा नंबर वाढतो.

जबड्याची गोष्ट वेगळी. कानापुढच्या सांध्यात खालच्या जबड्याच्या टोकावर जी कूर्चा असते, ती वाढपट्टीसारखी पुरती बंद होत नाही. संप्रेरकाने ती पुन्हा कामाला लागते आणि जबडा खरोखरच लांबतो. वरचा जबडा तेवढा पुढे सरकत नाही, त्यामुळे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात, दातांत फटी पडतात. घास नीट तुटत नाही म्हणून माणूस आधी दंतवैद्याकडे जातो.

या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. कारण बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतली साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. बदल इतके सावकाश होतात की घरच्यांना कळतच नाहीत. जुना फोटो शेजारी ठेवला की डोळ्यांत भरतात. वाढीचं संप्रेरक दिवसभर चढत-उतरत असल्याने त्याची एकच तपासणी फसवू शकते. म्हणून आधी आयजीएफ-१ तपासतात. शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पाहतात. निरोगी माणसात संप्रेरक खाली येतं, इथे येत नाही.

गाठ नाकावाटे काढली की हातांची सूज काही दिवसांतच ओसरू लागते, अंगठी सैल होते. चढलेलं हाड मात्र उतरत नाही. जबड्याची शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर आयजीएफ-१ काबूत आल्यावर करतात, नाहीतर तो पुन्हा वाढतो.