सर्दीत चव जात नाही, आणि धातूची चव सर्दीची नसते

पावसाळा लागला की बिल्डिंगच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी लिहितंच, "तोंडाला चवच नाही, काय करू?" मग खाली आलं-मध, ओवा, वाफ, सगळं घाऊक भावात सुरू. पण तोंडाला चव नाही म्हणजे जेवण मिळमिळीत लागतंय की तोंडात नाणं ठेवल्यासारखं लागतंय, हे कुणी विचारतच नाही! या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण वेगळं, उपाय वेगळा.

आधी सर्दी. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि तो मटणाच्या रश्श्यातला किंवा टोमॅटोतला भरीवपणा, बस. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते नाकाचं काम. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात जातो आणि मेंदू तो जिभेच्या खात्यात जमा करतो. खात्री करायची असेल तर सर्दी नसताना नाक घट्ट दाबून चिमूटभर जिरं चावा. थोडं कडवट, खरखरीत काहीतरी लागेल. आता नाक सोडा, जिरं एकदम "उगवतं". वरण-भातावर लिंबू पिळलंत तर सर्दीत मीठ आणि लिंबू लागतं, पण हिंग, जिरं, तूप गायब. जीभ ठणठणीत आहे, फोडणी वर पोचत नाहीये एवढंच.

आणि "नाक शिंकरलं, मोकळं झालं, तरी चव नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: वास ओळखणारा भाग नाकात खूप वर, छताशी, छोटासा असतो. तिथली सूज उतरली नसेल तर खालून श्वास मोकळा चालतो पण वास वर पोचत नाही.

आता खरी गल्लत. आमच्या शेजारच्या मावशींना जुलैमध्ये सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी पोटही बिघडलं. डॉक्टरांनी पोटासाठी मेट्रोनिडॅझोल दिलं, दुसऱ्या दिवसापासून तोंडात लोखंड. मावशींचं निदान: "सर्दीने चव गेली." मग चव आणायला नाकातले थेंब चालू, दिवस वाढतच चालले. मी विचारलं, मावशी, काही खाल्लं नसताना पण लागतं का? "अगं, सकाळी उठल्या उठल्या लागतं, चूळ भरली तरी जात नाही." इथेच उत्तर मिळालं. सर्दीत काहीतरी कमी होतं आणि ते खाताना कळतं. औषधाने काहीतरी वाढतं, आणि तोंड रिकामं असलं तरी ते तिथेच असतं. तरी खात्री म्हणून मिठाचं, साखरेचं, लिंबाचं पाणी एकेक घोट दिलं, तिन्ही बरोबर ओळखली. जिऱ्याचा वासही येत होता, म्हणजे सर्दी तर केव्हाच उतरली होती.

हे होतं कारण औषध पोटातून रक्तात जातं आणि रक्तातून लाळेत उतरतं. म्हणून गोळी पटकन गिळली, वर केळं खाल्लं, ब्रश केला, तरी चव परत येते, कारण ती गोळीची उरलेली चव नसून तुमच्या लाळेतच आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेताना कडू लागतं ते असंच, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही काहींना धातूसारखं लागतं. सर्दीसाठी चघळायच्या झिंकच्या गोळ्या तर जास्तच फसवतात, कारण त्या सर्दीतच घेतल्या जातात आणि दोष सर्दीवर जातो.

तोंड वाईट लागतंय म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नाही, डॉक्टरला सांगायचं. मावशींचा कोर्स संपल्यावर तिसऱ्या दिवशी चहा चहासारखा लागला. थेंब मात्र मी आधीच बंद करायला लावले, कारण नाक मोकळं करणारे हे थेंब पाचेक दिवसांपेक्षा जास्त ओढले तर नाक उलट जास्तच चोंदतं, मग मिळमिळीतपणा पण हजर!

सर्दीत खायचं काय म्हणाल तर माझं मत पक्कं आहे, मऊ खिचडी अजिबात नको. ठेचा, लिंबू, भाजलेला पापड. तिखटाचा झणका वेगळ्याच नसेने कळतो, त्याला वास लागत नाही, आणि कुरकुरीतपणाला तर नाकच लागत नाही. पण सर्दी जाऊन काही आठवडे झाले तरी जिरं "उगवत" नसेल, किंवा कॉफीला भलताच जळका-कुजका वास यायला लागला असेल, तर ती नुसती सूज नसेल, व्हायरसने वासाच्या पेशींनाच मार बसलेला असू शकतो. तिथे वाफ घेत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.