आयडिओफोन (चर्र, धाडकन, झणझणीत यांसारखे शब्द)

आयडिओफोन म्हणजे असा शब्द जो ऐकणाऱ्यासमोर एखादा आवाज, हालचाल, स्पर्श किंवा मनातली भावना आवाजातूनच करून दाखवतो. ही संज्ञा भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट डोक यांनी १९३५ मध्ये आफ्रिकेतल्या बांटू भाषांसाठी वापरली आणि तिथून ती जगभर गेली, भारतातल्या भाषांबद्दल लिहिणारे बरेच जण यांना ‘एक्स्प्रेसिव्ह’ पण म्हणतात. मराठी शाळेच्या पुस्तकात मात्र हे शब्द एका जागी सापडत नाहीत. टपटप, किलबिल हे अभ्यस्त शब्दांच्या धड्यात अनुकरणवाचक म्हणून येतात, पटकन आणि झटकन रीतिवाचक क्रियाविशेषणांत जातात, आणि नुसतं ‘धप्प!’ म्हटलं तर त्याला केवलप्रयोगी म्हणावं की काय हे कोणी नीट सांगतच नाही. एकाच कुळातले शब्द तीन खोल्यांत वाटून टाकलेत, आणि ते तसे का वाटले गेले हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

एक शब्द घेऊन बघू, म्हणजे सगळं त्याच्यावरच दिसेल. नागपूरला सावजी भोजनालयाच्या रसोईत उभे राहा, कढईत तेल कडकडीत तापलं आहे आणि त्यात ओलं वाटण पडलं की जो आवाज होतो तो ‘चर्र’. इथे शब्द फक्त आवाजाची नक्कल आहे. पण तोच शब्द पुढे निघतो. गुडघा खरचटला आणि त्यावर औषध लावलं की चरचरतं, तिथे काहीच ऐकू येत नाही, फक्त त्वचेला जाणवतं. कोणाची वाईट बातमी आली की काळजात चर्र होतं, तिथे तर त्वचा पण नाही. म्हणजे गरम तेलापासून सुरू झालेला शब्द स्पर्शावर जाऊन शेवटी दुःखापर्यंत पोचला.

हा क्रम एकट्या मराठीचा नाही. मार्क डिंगेमान्स यांनी २०१२ मध्ये बऱ्याच भाषांची तुलना करून एक उतरंड मांडली, आधी आवाज, मग हालचाल, मग डोळ्यांना दिसणारे आकार, मग बाकीची इंद्रियं, आणि सगळ्यात शेवटी मनातल्या अवस्था. एखाद्या भाषेत शेवटच्या पायरीचे शब्द असतील तर आधीच्या पायऱ्यांचे असतातच, उलटं होत नाही. मराठी ही उतरंड पूर्ण भरते. धाडकन हा आवाज, लुटुलुटु ही चाल, लखलख हे दिसणं, बुळबुळीत हा स्पर्श, आणि हुरहूर, रुखरुख, धाकधूक हे मनाचं. इंग्रजीसारख्या भाषांत पहिल्या पायरीवर शब्द भरपूर आहेत पण वर जाताना ते झपाट्याने कमी होतात, म्हणून युरोपातल्या व्याकरणकारांना हा शब्दवर्ग बरीच वर्षं पोरखेळ वाटला.

आता व्याकरणात हे शब्द अडतात कुठे ते पाहू. ‘दार जोरात लागलं’ या वाक्यात ‘जोरात’ दार कसं लागलं याची माहिती देतो. ‘दार धाडकन लागलं’ यात बोलणारा क्षणभर सांगणं थांबवून दार स्वतःच लावून दाखवतो, आणि तेव्हा आवाज चढतो, हात हलतो, कधी टेबलावर थापही पडते. म्हणजे हे शब्द दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं वाक्यात आणावं तसे येतात, आणि अवतरण वाक्यात बसवायला जशी चौकट लागते तशी यांनाही लागते. मराठीत ती चौकट ‘कन’ किंवा ‘दिशी’ देतात, खटकन, खटदिशी. नाहीतर ‘धप्प असा आवाज आला’, ‘धप्प करून पडला’ असं म्हणतो आपण. हिंदीत ते काम ‘से’ करतो, आणि नागपुरात घरात मराठी अन् रस्त्यावर हिंदी असल्यामुळे एकच माणूस दिवसभरात खटकन आणि खट से दोन्ही म्हणतो, मुळातला ‘खट’ तसाच राहतो आणि चौकट तेवढी बदलते.

अवतरणाची गोष्ट नुसती कल्पना नाही हे दुसऱ्या भाषा पाहिल्या की पटतं. तमिळमध्ये ‘पडार’ असा आवाज सांगायचा तर त्याच्यापुढे ‘एन्ऱु’ लागतं, आणि ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचंच रूप आहे, शब्दशः ‘पडार म्हणून’. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेतही हे शब्द ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदासोबत येतात. आणि पाणिनीने तर हे कधीच ओळखलं होतं. अष्टाध्यायीत अशा शब्दांना ‘अव्यक्तानुकरण’ असं नाव आहे, आणि त्यांच्यापुढे ‘इति’ आला की काय होतं याचा वेगळा नियम आहे, पटत् + इति याचं ‘पटिति’ होतं. ‘इति’ म्हणजे संस्कृतात बोलणं संपवायची खूण. ‘इति’ नसेल तेव्हा दुसरा मार्ग, शब्द दोनदा घेऊन पुढे ‘करोति’ लावायचा, पटपटाकरोति. आपल्या ‘पटापटा केलं’ची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

अवतरणासारखे आहेत म्हणूनच नेहमीच्या व्याकरणाच्या कसोट्यांवर हे शब्द विचित्र वागतात. नकार लावून पाहा. ‘दार जोरात लागलं नाही’ हे साधं वाक्य आहे. ‘दार धाडकन लागलं नाही’ म्हटलं की ऐकणारा थांबतो, कारण दार लागताना दाखवलंही आणि लागलं नाही असंही सांगितलं, आणि मग ‘हळूच लागलं’ असं काहीतरी पुढे जोडावं लागतं तेव्हा कुठे ते वाक्य उभं राहतं. पण ‘धाडकन आपटू नकोस रे दार’ हे मात्र अगदी सहज चालतं, कारण तिथे बहुतेक वेळा दार आधीच आपटून झालेलं असतं आणि आई त्याचीच नक्कल करून रागावत असते. दुसरी कसोटी प्रमाणाची. ‘खूप जोरात’ होतं, ‘खूप धाडकन’ होत नाही. जास्त दाखवायचं असेल तर आवाजच वाढवावा लागतो, ‘धाऽऽडकन’, किंवा व्यंजन दुप्पट करावं लागतं, ‘धप्प’, ‘गप्प’, ‘चट्ट’. नेहमीच्या मराठी शब्दाच्या शेवटी असं दुप्पट व्यंजन क्वचितच येतं, इथे मात्र ते हक्काने येतं. आणि तिसरं म्हणजे क्रियापदच गाळता येतं, ‘पाय घसरला अन् तो धपकन खाली!’ एवढं वाक्य पुरतं.

‘पटकन’ या कसोट्यांवर वेगळा निघतो. ‘अजून पटकन कर’, ‘तो पटकन येत नाही’ हे रोजचं बोलणं आहे, कोणालाच त्यात ‘पट’ असा आवाज ऐकू येत नाही. तो घासून घासून साधं क्रियाविशेषण झाला आहे. म्हणजे ही हो किंवा नाहीची गोष्ट नसून उतार आहे, शब्द जितका दाखवणारा तितका व्याकरणाच्या बाहेर, आणि जितका आत शिरतो तितका त्याचा देखावा ओसरतो. किमी अकिता आणि डिंगेमान्स यांनी २०१७ मध्ये जपानी बोलण्याच्या नोंदी तपासून हेच मांडलं. शाळेच्या पुस्तकाने पटकनला क्रियाविशेषणांत टाकलं ते त्याच्यापुरतं बरोबरच आहे, फक्त त्याच रांगेत धाडकनला बसवलं की अडचण होते.

आत शिरायचे रस्ते मराठीत चांगले मळलेले आहेत. एकदाच घडलं तर ‘खटकन’, एकामागून एक झपाट्याने घडलं तर ‘खटाखट’, नुसतं चालूच राहिलं तर ‘खटखट’. दुहेरी झाल्यावर शब्दाला नामाचा दर्जा मिळतो, आणि बहुतेक वेळा तो स्त्रीलिंगी असतो, ती कुरकुर, ती बडबड, ती चिडचिड. मोठा किंवा भरगच्च आवाज असेल तर ‘आट’ लागून पुल्लिंगी होतो, तो गडगडाट, तो किलबिलाट. नाम झालं की सामान्यरूप पण होतं, ‘तिच्या चिडचिडीमुळे’ म्हणता येतं, तेच ‘धाडकनमुळे’ कधीच म्हणता येणार नाही. सामान्यरूप होतं की नाही ही मला सगळ्यात भरवशाची कसोटी वाटते. पुढे ‘णे’ लागून क्रियापद, खटखटणे, चुरचुरणे, आणि ‘ईत’ लागून विशेषण, कुरकुरीत, गुळगुळीत, झणझणीत. नागपुरी बोलीत क्रियापद न करता नामच ठेवून काम भागवायची सवय आहे, ‘कूलर रातभर घरघर करून राह्यला’, आणि ‘करून राह्यला’मुळे ती घरघर अजून संपलेलीच नाही असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आता आवाज आणि अर्थ यांचं नातं खरंच आहे का? किणकिण, खणखण, घणघण हे तिन्ही मोठ्याने म्हणून पाहा. बांगड्या किणकिणतात, नाणी खणखणतात, देवळातली मोठी घंटा घणघणते. व्यंजन क, ख, घ असं जड होत गेलं आणि ‘इ’ जाऊन ‘अ’ आला, तसा वाजणारा जिन्नस मोठा होत गेला. जपानीत हलकं काही घरंगळलं तर ‘कोरोकोरो’, जड घरंगळलं तर ‘गोरोगोरो’, तिथेही क चा ग झाला की वजन वाढतं. पण याच्यावर किती भार टाकायचा याला मर्यादा आहे. डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये डच बोलणाऱ्या लोकांना पाच अनोळखी भाषांतले असे शब्द ऐकवून अर्थ ओळखायला लावले. निव्वळ अंदाजापेक्षा त्यांची उत्तरं बरी आली पण थोडीच, आणि आवाजाच्या शब्दांत ती सगळ्यात बरी होती. म्हणजे परक्याला ‘घणघण’ कदाचित कळेल, ‘रुखरुख’ कळणं अवघड. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर म्हणायचा की शब्द आणि अर्थाचं नातं नैसर्गिक नसतं, माणसांनी ठरवलेलं असतं, त्याला या शब्दांनी खोटं पाडलं असं काही जण लिहितात, ते जरा जास्तच आहे. कुत्रा मराठीत भो भो करतो आणि जपानीत वान वान, यात अर्धी नक्कल आहे आणि अर्धा आपल्या भाषेचा साचा.

तो साचा मात्र शेजाऱ्यांमध्ये वाटला जातो. मरी एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवलं की असे दुहेरी नादशब्द द्राविडी आणि आर्य दोन्ही कुळांच्या भाषांत भरपूर आहेत आणि कित्येक तर एकसारखेच आहेत, म्हणून हे भारतीय भाषांनी एकत्र राहून कमावलेलं लक्षण आहे. नागपूरच्या आसपास मराठी, हिंदी आणि द्राविडी कुळातली गोंडी शेकडो वर्षं एकत्र नांदताहेत, तेव्हा ही देवाणघेवाण अभ्यासायला याहून चांगलं गाव कोणतं?

कोश करणाऱ्याचं काम इथे सगळ्यात अवघड होतं. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशात असे शब्द ढिगाने आहेत आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवातच ‘अनुकरण’ या शेऱ्याने होते, कारण अर्थ सांगायचा तर तो आवाज किंवा तो प्रसंगच वर्णन करावा लागतो. शिवाय यादी पूर्ण होत नाही. भस्सकन, फचकन, डुबुककन असे शब्द बोलणारा ऐन वेळी घडवतो, समोरच्याने ते आधी कधी ऐकलेले नसले तरी ‘कन’ लागलेलं पाहून तो लगेच समजतो की इथे काहीतरी एकदाच आणि अचानक झालं, आणि पुढचं वाक्य ऐकायला लागतो.