पडवीचा खांब आणि 0.7 हा आकडा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि कोकणातली कितीतरी छपरं गेली. नव्यानं बांधलेल्या पडव्यांत आता सागाच्या खांबाऐवजी बऱ्याच ठिकाणी दोन इंची जीआय पाईप दिसतो. त्याच्या ताकदीचा एक सोपा हिशेब सगळीकडे ऐकू येतो: पोलादाची ताकद गुणिले पाईपचं क्षेत्रफळ. बाहेरचा व्यास 60.3 मिमी, जाडी 3.6 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 641 चौ. मिमी. पोलाद दर चौ. मिमीला 240 न्यूटनवर नमतं. गुणाकार करा: 154 किलोन्यूटन, ढोबळमानानं पंधरा टन! मग घाबरायचं कशाला?

हा गुणाकार आखूड तुकड्याला लागू पडतो. विटेएवढा पाईप दाबला तर तो खरंच पंधरा टनांपर्यंत टिकेल. दहा फुटी खांब मात्र दबून चिरडायच्या आधीच बाजूला फुगतो, आणि ज्या भाराला तो फुगतो त्याचा पोलादाच्या ताकदीशी जवळजवळ संबंध नसतो. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकात हा भार काढला:

P = π²EI/(KL)²

E म्हणजे पोलादाचा ताठपणा, दर चौ. मिमीला सुमारे 2,00,000 न्यूटन. I हा छेदाच्या आकाराचा गुण आहे. धातू मध्यापासून जितका लांब पसरलेला, तितका I मोठा, म्हणून सारख्या वजनाच्या सळईपेक्षा पोकळ पाईप सरस. आपल्या पाईपचा I सुमारे 2,58,700 मिमी⁴ येतो. L म्हणजे लांबी, 3 मीटर धरू. सूत्रात पोलादाची ताकद कुठेच नाही, हे लक्षात घ्या. साध्या आणि 'हाय स्ट्रेंथ' पोलादाचा E सारखाच असतो. त्यामुळे सडपातळ खांबासाठी जाहिरातीतलं 'दुप्पट मजबूत' पोलाद घेऊन फुगण्याचा भार दुप्पट होत नाही. पहिल्या खांबाला लिंबू-मिरची बांधून जेवढा वाढेल, त्याहून फार नाही.

राहिला K, म्हणजे खांबाची टोकं कशी धरली आहेत हे सांगणारा आकडा, आणि माझा जीव त्यातच अडकलेला आहे.

पडवीचा खांब खाली काँक्रीटमध्ये गाडलेला असतो, म्हणजे तळाला तो तिरका होऊ शकत नाही. वर तो पाटाला, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळईला, एका बोल्टनं धरलेला असतो. तिथे तो किंचित वळू शकतो, पण जागा सोडू शकत नाही, कारण वासे मागच्या जांभ्याच्या भिंतीत अडकलेले आहेत. असा खांब फुगतो तेव्हा त्याची कमान एकसारखी नसते. वरचा मोठा भाग एका बाजूला पोट काढतो. तळाजवळ मात्र वाक उलटा होतो, कारण तिथे खांबाला सरळ उभंच निघावं लागतं. जिथे वाक दिशा बदलतो त्या बिंदूवर वाकवणारा जोर शून्य असतो. तिथे जणू बिजागरीच आहे. मग वरचा बोल्ट ते हा बिंदू एवढा तुकडा दोन्ही टोकांना बिजागरी असलेल्या आखूड खांबासारखाच वागतो.

तो बिंदू नेमका कुठे? वाकाचं समीकरण मांडलं, दोन्ही टोकांच्या अटी घातल्या की उरतं tan(kL) = kL. हा लहान k म्हणजे √(P/EI), मोठा K नव्हे. बीजगणितानं हे सुटत नाही, आकडे घालून शोधावं लागतं. शून्यानंतरचं पहिलं उत्तर 4.493. π ला त्यानं भागलं की 0.699, म्हणजे K जवळपास 0.7. (इथे डोकं गरगरलं तर फक्त 0.7 लक्षात ठेवा.) तीन मीटरच्या खांबात तो बिंदू बोल्टपासून 2.1 मीटर खाली, जमिनीपासून 0.9 मीटर वर येतो. सगळ्यात जास्त फुगवटा त्याच गणितातून जमिनीपासून सुमारे 1.8 मीटरवर निघतो, उंच माणसाच्या डोक्याशी. खांबाशेजारी ओळंबा सोडून बाक बघायचा तर आधी तिथे बघा.

K = 0.7 घालून भार येतो 116 किलोन्यूटन. पण मातीवरचा पाया थोडा तरी फिरतोच, तळ कधीच पूर्ण जखडलेला नसतो. म्हणून आपलं आयएस 800:2007 हे मानक अशा खांबाला 0.8 धरायला सांगतं. मग भार 89 वर उतरतो.

आता सडपातळपणा तपासू. I ला क्षेत्रफळानं भागून वर्गमूळ काढलं की 20.1 मिमी येतात. परिणामी लांबी म्हणजे KL, 2400 मिमी. भागाकार 119. कायमचं वजन पेलणाऱ्या खांबाला मानकाची मर्यादा 180 आहे, म्हणजे इथे आपण पास. या पोलादासाठी हा आकडा साधारण 91 च्या खाली गेला तर ऑयलरचं सूत्र खोटी आशा दाखवतं. तिथे पोलाद आधी नमतं.

89 हा आकडा तरी वापरायचा का? नाही. खरा पाईप थोडा वाकडा असतो, वजन नेमकं मधोमध येत नाही, घडवताना धातूत ताण अडकून राहतात. हे सगळं मानकाच्या वक्रातून घातलं आणि सुरक्षेची वजावट केली की थंड घडवलेल्या पाईपला दर चौ. मिमीला सुमारे 55 न्यूटनच मिळतात. गुणिले 641: 35 किलोन्यूटन, साडेतीन टन. पंधरा टनांचं हे झालं.

कौलं, लाकूड आणि छपरावर चढणारी माणसं धरून पडवीच्या एका खांबावर 13 किलोन्यूटन येतात असं धरू. मग काम भागलं. पण अंगणात तोच पाईप, तेवढंच वजन घेऊन, सुट्या शेडखाली उभा करा. आता मागे भिंत नाही, तिरका टेकू नाही, छप्पर अख्खं बाजूला सरकू शकतं. K होतो 2. परिणामी लांबी सहा मीटर, सडपातळपणा 299, मानकाच्या चौकटीत तो बसतच नाही. ऑयलरचाच भार उरतो 14 किलोन्यूटन, कसलीही वजावट न करता! पाईप तोच, बोल्ट तोच, फरक फक्त वरचं टोक धरलंय की नाही एवढाच. पडवीतही वासे एकाच दिशेला धरतात. ओळीच्या दिशेनं पाट कडेच्या भिंतीत बसवावा लागतो किंवा टेकू द्यावा लागतो. वादळात वारा छप्पर वर उचलतो तो प्रश्न वेगळा, त्यासाठी छप्पर खाली जखडून ठेवावं लागतं.

दुसरं टोक खारी हवा खाते. पाईप काँक्रीटमध्ये शिरतो त्या जागी पावसाचं पाणी साचतं आणि गंज तिथेच धरतो. फुगताना तळाला वाकवणारा जोर जवळजवळ वरच्या पोटाएवढाच असतो, म्हणजे गंज नेमक्या महत्त्वाच्या जागी बसतो. तिथला पत्रा पोखरला की जखडलेलं टोक बिजागरी होतं, K होतो 1, आणि 116 चे 57 होतात. रंग वरून ठीक दिसत असतो. पावसाळा संपला की तळाची चार बोटं खरवडून हातोडीनं ठोका. आवाज भद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर आधी छपराला टेकू लावा, मग खांब बदला. नवा बसवताना काँक्रीट जमिनीच्या वर आणून चारी बाजूंना उतार काढायला गवंड्याला सांगा.