देवऋषी, गोंधळी, गुरव यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती: डेटा व्यवस्थापन आराखडा कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं

सातारा-सांगलीकडे देवस्थानं, यात्रा, जागरण-गोंधळ यांवर पीएच.डी. करणारे बरेच जण आराखड्यात एकच ओळ लिहितात: "मुलाखत देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवली जातील." आचारसंहिता समितीनं हा कागद परत पाठवला, तर चूक समितीची नसते. आपल्याकडे देवळातला मान घराण्याला बांधलेला असतो. दिवटी कोणाची, पालखीचा खांदा कोणाचा, पहिला नैवेद्य कोणाचा, हे पोरंसोरंही सांगतात. "खानापूर तालुक्यातल्या एका गावातले दिवटीचे मानकरी" असं लिहिलं की नाव न लिहिताही माणूस उघडा पडतो. शिवाय प्रबंध पुढे शोधगंगेवर जातो, म्हणजे तो गावातलं कोणीही वाचू शकतं.

हा आराखडा कोणी द्यायचा

पीएच.डी.चे विद्यार्थी, अनुदानित प्रकल्पाचे प्रमुख आणि मुलाखती घेऊन लघुप्रबंध लिहिणारे एम.ए.चे विद्यार्थी यांनी. वेळापत्रक आणि नमुना विभागागणिक बदलतो, म्हणून आधी विभागात विचारा. क्रम मात्र ठरलेला आहे: मंजुरी आधी, मुलाखत नंतर. आधीच करून ठेवलेल्या मुलाखतींना मागाहून संमती जोडता येत नाही.

सोबतचे कागद

संशोधन आराखडा, प्रश्नावली, मार्गदर्शकांचं सहीचं पत्र, मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. जत भागात कन्नडभाषक भेटणार असतील, तर कन्नड प्रतही लावा. मुलाखती दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणार असाल, तर त्यांचं गोपनीयतेचं हमीपत्र हवं. मंदिराच्या आवारात ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर ट्रस्टचं परवानगीपत्र हवं. ट्रस्टची परवानगी म्हणजे पुजाऱ्याची संमती नव्हे. दोघांचं पटत नसेल, तर "अध्यक्षांनी हो म्हटलंय" हे पुजाऱ्यावर दडपण ठरतं.

संमतीपत्रात चार गोष्टींसाठी चार वेगळ्या खुणा ठेवा: ध्वनिमुद्रण, प्रबंधात वाक्यं उद्धृत करणं, ध्वनिफीत ठरल्या मुदतीनंतरही संग्रहात ठेवणं आणि नाव छापणं. शेवटची खूण मुद्दाम ठेवायची. कीर्तनकार किंवा गोंधळी म्हणतात, "नाव घाला की, आम्ही काय चोरी केलीय?" त्यांचं नाव वगळणं हाही अपमानच. पण मान एका घराण्याचा असेल, तर एकाचं नाव छापल्यावर त्याचा भाऊही ओळखू येतो. हे त्यांना समोर बसून सांगावं लागतं.

"ही माहिती कोणालाही, कधीही दिली जाणार नाही" असं लिहू नका, कारण ते पाळता येणार नाही. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू आहे आणि संशोधकाला वकिलासारखं कायदेशीर संरक्षण नाही. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, तर पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ती कळवावीच लागते. म्हणून माहितीपत्रात "कायद्यानं भाग पडल्यास" ही सवलत स्पष्ट ठेवा, आणि कोणत्या गावात कोणावर काय उपचार केले, असले प्रश्न प्रश्नावलीतून काढा.

ओळख पुसणं: एक उतारा

हा उतारा मी उदाहरणापुरता रचला आहे:

"आमच्या आज्यापासनं पालखीम्होरं दिवटी धरायचा मान आमचा. थोरल्यानं 98 साली विट्याच्या कोर्टात ओढलं, तवापासनं म्या एकटाच. गेल्या चैती पुनवंला शाळंतल्या मास्तरांची सून अंगात येतंय म्हणून आणली हुती."

यात नाव एकही नाही, तरी सहा जागी ओळख पटते. नीट केलेला उतारा असा:

"आमच्या आज्यापासनं [यात्रेतला मान] आमचा. [भावकीत] [नव्वदच्या दशकात] [वाद झाला], तवापासनं म्या एकटाच. [यात्रेच्या वेळी] [गावातली एक बाई] अंगात येतंय म्हणून आणली हुती."

बदल चौकटी कंसात दाखवायचे, म्हणजे वाचणाऱ्याला हात कुठे लावला ते कळतं. बोली तशीच ठेवा; ती पुस्तकी केली तर पुरावाच जातो. तारीख पुसताना पंचांग लक्षात असू द्या: "यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी" आणि वर्ष एवढ्यावर दिवस निघतो. सगळ्यात जास्त वेळा सुटते ती मास्तरांची सून. तिनं संमती दिलेलीच नाही. देवऋष्याच्या मुलाखतीत अशी माणसं पानापानावर येतात, म्हणून तिसऱ्या व्यक्तींबद्दलचा परिच्छेद आराखड्यात स्वतंत्र लिहा.

काम जमलं का हे पाहायला शेजारच्या गावच्या, विषय माहीत असलेल्या माणसाला दोन उतारे वाचायला द्या. तो "हे अमुक तर नव्हं?" म्हणाला, तर अजून पुसायचं बाकी आहे. ही चाचणी घेणार असल्याचं संमतीपत्रात आधी लिहा, आणि ज्यांनी होकार दिला त्यांचेच उतारे द्या.

साठवण

आवाजाची ओळख पुसता येत नाही. सूर बदलून ऐकवला तरी गाववाला बोलण्याच्या ढबीवरून माणूस ओळखतो. म्हणून मूळ ध्वनिफीत कायम ओळखीचीच समजायची आणि कुलूपबंद ठेवायची.

जागा फार लागत नाही. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो WAV ला मिनिटाला 5.76 एमबी लागतात. सव्वा तासाची मुलाखत 432 एमबी होते, अशा 20 मुलाखती साधारण 8.6 जीबी. तीन प्रती ठेवा: लॅपटॉपवर, घरच्या हार्ड डिस्कवर आणि विभागाच्या कपाटातल्या डिस्कवर, तिन्ही व्हेराक्रिप्टसारख्या कूटबद्ध पेटीत. फोनवर मुद्रण करणार असाल, तर क्लाउड बॅकअप आधी बंद करा. माझ्या ओळखीतल्या एकाची मुलाखत घरातल्या सामायिक खात्यावर जाऊन पडली आणि टॅबवर भाच्यानं लावली. मुलाखत लिहून काढणाऱ्याला फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.

फाइलचं नाव `SGL-07.wav` असं कोरं ठेवा, त्यात गाव किंवा तारीख नको. प्रत नीट उतरली का हे विंडोजवर असं तपासतात:

```
certutil -hashfile SGL-07.wav SHA256
```

तिन्ही प्रतींचा आकडा अक्षरशः सारखा यायला हवा.

नाव आणि संकेत जोडणारा तक्ता वेगळ्या पेटीत, वेगळ्या पासवर्डखाली ठेवा. संमतीपत्रावर संकेत लिहू नका, नाहीतर तक्ता लपवून उपयोग काय? तोंडी संमती घेत असाल, तर "माझं नाव अमुक" हे वाक्य मुलाखतीच्या फाइलमध्ये नको, स्वतंत्र फाइलमध्ये घ्या.

किती दिवस ठेवायचं

"काम संपेपर्यंत" ही मुदत धरली जात नाही. घटना किंवा तारीख लिहा. मी असं सुचवतो. माघार घ्यायची मुभा प्रबंध सादर होईपर्यंत. तक्ता तोंडी परीक्षेपर्यंत, कारण मुलाखत खरंच झाली का हे मार्गदर्शकांना तोवर तपासावं लागू शकतं. तक्ता पुसण्याआधी प्रत्येक लिखित उताऱ्याच्या माथ्यावर संमतीच्या खुणा उतरवून घ्या, नाहीतर पुढे कोणता उतारा छापता येतो हेच कळणार नाही. ध्वनिफीत तोंडी परीक्षेनंतर 12 महिने, संग्रहाला होकार दिलेल्यांचीच पुढे. ओळख पुसलेले उतारे आणि संमतीपत्रं 5 वर्षं, विभागात, वेगवेगळ्या कपाटांत. विभागाचा नियम याहून मोठी मुदत सांगत असेल, तर तो पाळा.

पेनड्राइव्हवरून फाइल "डिलीट" केली तरी ती परत काढता येते. पेटी कूटबद्ध असेल, तर तिन्ही प्रतींची पेटी पुसून पासवर्डची नोंद फाडली की काम होतं. नष्ट केल्याचा दिनांक, प्रतींची संख्या आणि मार्गदर्शकांची सही यांचा एक कागद विभागाच्या फाइलला लावा.