रूपिम, शब्द आणि शब्दिम

रूपिम म्हणजे भाषेतला अर्थ असलेला सर्वांत लहान घटक. शब्द म्हणजे वाक्यात प्रत्यक्ष आलेले रूप. आणि एकाच शब्दाची अशी सगळी रूपे मिळून जे एक एकक होते, ते शब्दिम. शब्दकोशात नोंद असते ती शब्दिमाची.

‘माणूस माणसाला ओळखतो ते माणुसकीने’ हे वाक्य घेऊ. ‘माणूस’ आणि ‘माणसाला’ हे दोन शब्द, पण शब्दिम एकच. ‘माणसे’, ‘माणसांनी’ हीही त्याचीच रूपे. ‘माणसाला’मध्ये तीन रूपिम दिसतात: मूळ ‘माणूस’, सामान्यरूपाचा ‘आ’ आणि ‘ला’. मूळ रूपिम मात्र तसाच राहत नाही. सामान्यरूपात त्याचा ‘ऊ’ गळतो, ‘माणुसकी’त तो ऱ्हस्व होतो. आकार बदलला तरी रूपिम तोच असतो. ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत तर उच्चाराचे साम्य जवळजवळ नाहीच, तरी दोन्ही ‘जा’ या एकाच शब्दिमाची रूपे आहेत. उलट ‘कर भरला’ आणि ‘काम कर’ यांत रूप एक, शब्दिम दोन.

‘माणुसकी’ हा वेगळा शब्दिम आहे. ‘माणसाला’ कोशात शोधून सापडणार नाही, ‘माणुसकी’ सापडेल. ‘ला’ लावल्याने वाक्यातले नाते बदलते, नाम तेच राहते, हे विकरण. ‘की’ लावल्याने नवे नाम तयार होते. ते स्त्रीलिंगी आहे, त्याची स्वतःची विभक्तिरूपे आहेत (‘माणुसकीने’, ‘माणुसकीला’), आणि ‘माणूस असणे’ एवढ्यापुरता त्याचा अर्थ उरत नाही, त्यात दयेची छटा येते. ही शब्दसिद्धी. व्याप्तीतही मोठा फरक आहे. ‘ला’ कोणत्याही नामाला लागतो. ‘मोबाईल’ हा शब्द आला आणि ‘मोबाईलला’ हे रूप लगेच सुरू झाले. ‘की’चे तसे नाही. ‘पाटीलकी’, ‘गावकी’, ‘भाऊबंदकी’ आहेत, पण ‘शेजारकी’ म्हणत नाहीत, ‘शेजारपण’ किंवा ‘शेजारधर्म’ म्हणतात. कोणते रूप रूढ आहे ते एकेक करून शिकावे लागते.

साधारणपणे शब्दसिद्धीचा प्रत्यय मुळाला आधी लागतो आणि विकरणाचा शेवटी: माणुस-की-ने. पण मराठीत हा क्रम मोडणारी रूपे रोज वापरात आहेत. ‘माणसातला चांगुलपणा’ मध्ये आधी सप्तमीचा ‘त’ लागला आहे, त्यानंतर ‘ला’ने त्याचे विशेषण केले आहे. हा ‘ला’ ‘माणसाला’मधला नव्हे. तो नामाप्रमाणे बदलतो: ‘माणसातली’, ‘माणसातले’, ‘माणसातल्या’. म्हणजे विकरण झालेल्या रूपावर शब्दसिद्धी, आणि तिच्यावर पुन्हा विकरण. षष्ठीचा ‘चा’ही असाच नामाच्या लिंगवचनाप्रमाणे ‘ची’, ‘चे’, ‘च्या’ होतो. त्यामुळे तो विभक्तिप्रत्यय मानावा की विशेषण घडवणारा, याचे उत्तर कोणत्या कसोटीला अधिक वजन द्यायचे यावर ठरते.