बुटात स्प्रिंग नसते हो

आमच्या रविवारच्या रनिंग ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, "या बुटांत कार्बनची स्प्रिंग असते, ती माणसाला पुढे फेकते, म्हणून रेकॉर्ड पडतायत." अर्धं चूक आहे हे, आणि जे अर्धं बरोबर आहे ते या स्प्रिंगवाल्या गोष्टीपेक्षा जास्त मजेदार आहे म्हणून लिहायला बसलो.

आधी रेकॉर्ड किती पडले ते बघू. पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये २०१४ ला बर्लिनला डेनिस किमेट्टोने २ तास २ मिनिटं ५७ सेकंद लावले, आणि २०२३ ला शिकागोला केल्विन किप्टम २ तास ३५ सेकंदांत आला. नऊ वर्षांत १४२ सेकंद, म्हणजे साधारण १.९ टक्के. बायकांमध्ये पॉला रॅडक्लिफचा २००३ चा २:१५:२५ सोळा वर्षं कोणाला हलला नव्हता, २०१९ ला तो पडला आणि २०२३ ला टिगिस्ट असेफा २:११:५३ वर पोचली. हे २.६ टक्के. इतक्या वर्षांत माणसाचं हृदय आणि फुप्फुसं काही बदलली नाहीत, मग बदललं काय?

माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा फोमचा. २०१७ साली नाईकीचा व्हेपरफ्लाय बाजारात आला, त्याच्या तळव्यात पेबा नावाचं प्लास्टिक फुगवून केलेला फोम होता. आता शाळेतलं आठवा, कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पाऊल पडतं तेव्हा बुटावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट बल येतं आणि फोम दबतो, तो जितका जास्त दबेल तितकी जास्त ऊर्जा त्याच्यात साठते. पण साठली म्हणजे परत मिळाली असं नाही. गादीवर चेंडू टाकला तर गादी चांगली दबते आणि चेंडू तिथेच बसतो, कारण सगळी ऊर्जा गादीच्या आत घासून उष्णता होऊन गेली. उलट पोलादावर कडक गोटी टाकली तर ती छान उसळते, पण पोलाद दबतच नाही म्हणून पायासाठी त्याचा उपयोग शून्य. बूट करणाऱ्यांची कोंडी हीच होती की मऊ फोम ऊर्जा खातो आणि कडक फोम साठवतच नाही.

पेबाने ही कोंडी फोडली. कोलोरॅडोच्या लॅबमध्ये धावताना येतं तसं, साधारण २०० किलो वजनाएवढं बल देऊन बूट मशीनवर दाबून बघितले. जुन्या रेसिंग बुटांचा तळवा सहा-एक मिलिमीटर दबला, नव्याचा जवळजवळ बारा. आणि साठलेल्यातली ऊर्जा जुन्या साध्या बुटाने ६५ टक्क्यांच्या आसपास परत दिली, नव्याने ८७ टक्के. आता दोन्ही एकत्र धरा, साठतेच जास्त आणि त्यातला परत मिळणारा हिस्साही मोठा, म्हणून दर पावलाला साधारण साडेतीन ज्यूलऐवजी साडेसात ज्यूल परत आले. बूट स्वतःहून एक ज्यूलही देत नाही, तुमचेच पैसे तुम्हाला परत देतो, फक्त कमिशन कमी कापतो. शिवाय पेबा हलका, त्यामुळे तळवा जाड करूनही बूट जड होत नाही, आणि पायात १०० ग्रॅम वाढले की साधारण एक टक्का ऊर्जा जास्त लागते हे जुनं माहितीचं गणित आहे.

मग फॉरवर्डमधली ती "स्प्रिंग", म्हणजे तळव्यातली कार्बनची पट्टी? एका प्रयोगात बुटाच्या पुढच्या भागातली पट्टी आडवी सहा ठिकाणी कापून टाकली आणि परत लोकांना पळवलं, तर फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे नगण्यच. जाहिरातीत मात्र तीच चमकते, कारण फोमचा फोटो काढून कोण भारावणार.

इथे जरा आकडेमोड, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. व्हेपरफ्लायच्या नावातच चार टक्के आलं, म्हणजे त्याच वेगाला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी कमी. पण वेग चार टक्के वाढत नाही, कारण ताशी २० किलोमीटरच्या पुढे हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि वाचलेल्या ऊर्जेतली काही तिथेच जाते. एलिट वेगाला फायदा साधारण दोन-तृतीयांश उरतो, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. वरचे १.९ आणि २.६ परत बघा, त्याच गावातले आकडे आहेत. हा काही पुरावा नाही, पण गोष्ट जुळते. आपल्यासारख्यांसाठी वाईट बातमी अशी की ताशी १० किलोमीटरला, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं पळणाऱ्याला, एका चाचणीत सरासरी जेमतेम एक टक्का फायदा दिसला आणि काही जणांना तोटाच झाला. मॅरेथॉनच्या एक्स्पोमध्ये बुटांच्या शेजारच्याच स्टॉलवर "एनर्जी फ्लो" वाढवणारं चुंबकाचं कडं विकत होते, त्याला लॅबमध्ये शून्य टक्के मिळतील एवढाच फरक.

जाडीवर मर्यादा आली ती याच गणितामुळे. २०२० पासून रोड रेसला तळवा जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि आत कडक पट्टी एकच. २०२१ ला व्हिएन्ना मॅरेथॉन डेरारा हुरिसाने जिंकली, नंतर मोजलं तर त्याच्या बुटांचा तळवा ५० मिलिमीटर, आणि विजेतेपद गेलं.

ट्रॅकवर दुसरी गंमत, दिव्यांची. आतल्या कडेला एलईडीची रांग असते आणि ठरवलेल्या वेगाने उजेड पुढे सरकत जातो. ऑगस्ट २०२० ला मोनॅकोत जोशुआ चेप्टेगाईने ५००० मीटर १२:३५.३६ मध्ये पळून केनेनिसा बेकेलेचा २००४ चा रेकॉर्ड दोनेक सेकंदांनी मोडला. साडेबारा फेऱ्या, भागाकार केला तर दर फेरीला ६०.४ सेकंद. पेसमेकर, म्हणजे पुढे पळून वेग ठरवून देणारा माणूस, एक फेरी ५९ ला नेतो, पुढची ६२ ला, आणि जास्त जोरात गेलेल्या फेरीची किंमत ही हळू फेरीत वाचलेल्यापेक्षा जास्त असते कारण लॅक्टेट, म्हणजे फार जोरात पळताना रक्तात वाढणारा पदार्थ, साचायला लागतं. दिवा हा चढउतार काढून टाकतो. शिवाय पेसमेकर अर्ध्यात बाजूला होतात, दिवा शेवटपर्यंत असतो. वारा मात्र तो अडवत नाही हं, ते काम माणसांचंच. २०१९ ला व्हिएन्नात एलिउद किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये पळाला तेव्हा ४१ पेसमेकर आळीपाळीने त्याच्याभोवती होते, म्हणूनच तो अधिकृत रेकॉर्ड नाही.

ट्रेनिंगमध्ये सध्या नॉर्वेची पद्धत गाजतेय, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट मोजायचं आणि एकाच दिवशी दोनदा, पण मुद्दाम थोडं हातचं राखून पळायचं. मऊ बुटांमुळे पाय कमी ठेचले जातात म्हणून असे जास्त किलोमीटर झेपतात असं खेळाडू सांगतात. ड्रिंकमधून तासाला ९० ग्रॅमच्या पुढे साखर पोटाला पचवायची सवय करणं, हाही त्यातलाच भाग. आणि डोपिंग नाहीच असं समजू नका, २०२४ ला शिकागोत २:०९:५६ पळणाऱ्या रुथ चेपन्गेटिचवर पुढच्या वर्षी तीन वर्षांची बंदी आली, रेकॉर्ड मात्र त्या बंदीत गेला नाही कारण सापडलेला नमुना नंतरचा होता.

फॉरवर्डवाल्यांनी आणखी एक बघावं. पुरुषांच्या १५०० मीटरचा एल गेरुजचा ३:२६.०० हा १९९८ चा रेकॉर्ड नवे स्पाइक आणि दिवे दोन्ही येऊन गेले तरी २०२४ चा सीझन संपेपर्यंत उभाच होता. आणि आपल्याकडे शिवनाथ सिंग १९७८ ला जालंधरला मॅरेथॉन बरोबर २ तास १२ मिनिटांत पळाले, हा गडी बऱ्याचदा अनवाणीच पळायचा, तो राष्ट्रीय विक्रमही २०२४ पर्यंत पेबाच्या एकाही बुटाला मोडता आला नव्हता.