निळी रेघ कोणत्या वाहनाची आणि कोणत्या वेळेची?

गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास भाच्याने नकाशाचा एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "मामा, हाच रस्ता बरा ना?" दादर ते कोथरूड अशी निळी रेघ होती, तिच्याखाली सुमारे १५० किलोमीटर आणि २ तास ५० मिनिटे असे आकडे होते. मोटार, दुचाकी, रेल्वे आणि पायी यांची चिन्हे जिथे असतात, तो वरचा भाग मात्र कापला गेला होता. कधी निघणार, हेही त्याने लिहिले नव्हते.

अशा वेळी दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. चित्र सांगते ते एवढेच, की निवडलेल्या वाहनाने या क्षणी निघालो तर हा रस्ता जलद आहे. विचारणाऱ्याला मात्र आपल्या वाहनाने, आपण निघू तेव्हा कोणता रस्ता चांगला, हे हवे असते. रेघ दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन टाकण्याची चूक सहज होते.

वाहनाचा माग बहुतेकदा रेघेतच सापडतो. भाच्याच्या चित्रातली रेघ शिवडीहून समुद्रावरून थेट चिर्ले गाठत होती, म्हणजे ती अटल सेतूवरून जात होती, आणि पुढे द्रुतगती मार्गाने घाट चढत होती. या दोन्ही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे हा मार्ग मोटारीसाठी काढलेला आहे हे चिन्ह न दिसताही सांगता येत होते. उलट बाजूचा तर्क मात्र इतका पक्का नाही. रेघ जुन्या महामार्गाने गेली म्हणून ती दुचाकीचीच, असे म्हणता येत नाही. द्रुतगती मार्गावर अपघात होऊन वाहतूक तुंबली असेल किंवा सेटिंगमध्ये काही रस्ते टाळायला सांगितले असतील, तर मोटारीलाही तोच रस्ता दाखवला जातो. चालत जाण्याचा मार्ग ठिपक्यांनी दाखवतात खरे, पण मोटारीच्या मार्गातही रस्त्यापासून इमारतीच्या दारापर्यंतचा शेवटचा छोटा तुकडा ठिपक्यांचा असू शकतो. शंका उरलीच, तर अंतराला वेळेने भागून पाहावे. १५० किलोमीटर पावणेतीन-तीन तासांत म्हणजे ताशी पन्नासच्या आसपास. चालणारा माणूस ताशी पाचच्या जवळपास असतो.

वेळेच्या बाबतीत चित्र फारच थोडे बोलते, आणि फसगत बहुधा इथेच होते. गूगल मॅप्समध्ये Leave now असताना मोटारीसाठी जो एकच आकडा दिसतो, तो सध्याच्या वाहतुकीवरून काढलेला असतो. Depart at निवडून पुढची तारीख आणि वेळ दिली, की त्या वाराला त्या वेळी रस्ता एरवी कसा असतो यावरून अंदाज बांधला जातो आणि एका आकड्याऐवजी किमान व कमाल अशी दोन टोके दिसतात. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये एकच आकडा दिसला, तर तो बहुतेक "आत्ता"चा आहे असे धरावे. हे "आत्ता" म्हणजे चित्र काढले तो क्षण. निरोप आला ती वेळ नव्हे, कारण सकाळी काढलेले चित्र कोणी रात्रीही पाठवते. वरच्या पट्टीतले घड्याळ शिल्लक असेल तर तो क्षण कळतो. प्रवास सुरू असतानाचे चित्र असेल, तर पोहोचण्याच्या वेळेतून उरलेला वेळ वजा केला तरी चालते.

गुरुवारी रात्रीचे २ तास ५० मिनिटे खोटे नव्हते, पण ते त्या रात्रीचे होते. शनिवारी सकाळी मुंबईहून लोणावळ्याकडे आणि पुण्याकडे निघणाऱ्या गाड्या खंडाळ्याच्या घाटात गर्दी करतात, आणि जोडून सुट्टी आली की रांगा आणखी लांबतात. रात्रीच्या चित्रात याची खूणही दिसत नाही.

त्यामुळे नुसते हो किंवा नाही म्हणणे मला योग्य वाटले नाही. मी लिहिले, "मोटारीने आजच्यासारखे रात्री उशिरा निघणार असशील, तर हाच रस्ता ठीक आहे. दुचाकी असेल तर हा चालणारच नाही. काय घेऊन आणि कधी निघतो आहेस?" उत्तर माहीत नसताना अटीसह द्यावे आणि त्याबरोबर नेमके हे दोनच प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. पाच-सहा प्रश्न विचारले की माणूस कंटाळून उत्तर द्यायचे सोडून देतो.

थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले, "मोटारसायकल, शनिवारी सकाळी आठला." मी त्याला दुचाकीचे चिन्ह निवडून निघण्याची वेळ भरायला सांगितले. नव्या चित्रात रेघ समुद्र सोडून वाशीच्या खाडीपुलाकडे वळली होती आणि पनवेलपासून पुढे जुन्या महामार्गाने खोपोलीकडे जात होती.